‘कोर्ट’ सिनेमातलं कोर्ट

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, वही बंद केली, आणि मग सिरियलचा विषय निघाला. त्यात कोर्टाचा भाग चालू होता. वकील टेबलावर हात आपटत होता, न्यायाधीश हातोडा मारत होते, आणि नेमक्या शेवटच्या मिनिटाला दार उघडून साक्षीदार धावत आत आला. एक मावशी म्हणाल्या, “कोर्ट असं राहत असंल तर मी तिथं उभीच राहू शकणार नाही.” त्यांना खरंच समन्स आलेलं होतं. शेजारच्या घरातल्या भांडणाची केस होती आणि त्या साक्षीदार होत्या. सिरियल पाहून त्यांनी कोर्टाचं जे चित्र मनात धरलं, त्यानं त्यांची झोप उडाली होती.

म्हणून आज मी एका सिनेमाबद्दल बोलणार आहे. त्याचं नावच ‘कोर्ट’. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे. हा सिनेमा २०१४ मध्ये पूर्ण झाला आणि २०१५ मध्ये आपल्याकडे थिएटरात आला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि त्या वर्षी भारताकडून ऑस्करसाठीही तोच पाठवला गेला. पण पुरस्कारासाठी तो बघा असं मी म्हणत नाही. आपल्याकडचा खटला कसा चालतो हे त्यात जितकं खरं दिसतं, तितकं मी दुसऱ्या कुठल्या मराठी-हिंदी सिनेमात पाहिलेलं नाही. एक आधीच सांगते, पहिली वीस मिनिटं कंटाळा येईल. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, कॅमेरा एका जागी उभा राहतो, आणि लोक वाट बघत बसलेले दिसतात. खऱ्या कोर्टातही बराच वेळ तसाच जातो.

गोष्ट मुंबईची आहे. नारायण कांबळे नावाचे एक वयस्कर लोकशाहीर आहेत. ती भूमिका वीरा साथीदार यांनी केली. ते स्वतः नागपूरचे कार्यकर्ते होते, २०२१ मध्ये कोरोनात गेले. हे शाहीर वस्तीत कार्यक्रम करतात, पोवाडे गातात. एक दिवस कार्यक्रम चालू असतानाच पोलीस त्यांना पकडून नेतात. आरोप असा की त्यांनी गटारात उतरणाऱ्या कामगारांनी गटारातच जीव द्यावा अशा अर्थाचं गाणं गायलं, ते ऐकून वासुदेव पवार नावाच्या सफाई कामगारानं मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त करण्याचा गुन्हा.

आता इथे थोडं थांबू. सिरियलमध्ये आरोप म्हणजे “यानं खून केला” इतकंच असतं. खऱ्या कोर्टात प्रत्येक गुन्ह्याचे भाग असतात आणि सरकारी बाजूला एकेक भाग वेगळा सिद्ध करावा लागतो. आत्महत्येस प्रवृत्त करण्याचा गुन्हा जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ३०६ होता, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत तो कलम १०८ झाला. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. यात आधी हे दाखवावं लागतं की तो मृत्यू आत्महत्याच होता, अपघात नव्हता. ते जमलं तरच पुढचा प्रश्न येतो, आरोपीनं त्या माणसाला जीव द्यायला खरंच उत्तेजन दिलं का. पहिली पायरीच निसटली तर दुसरीवर पाय ठेवायला जागा राहत नाही. ‘कोर्ट’ सिनेमा बघताना एवढं लक्षात ठेवलं की प्रत्येक साक्षीत नेमकी कुठल्या पायरीवर झटापट चालली आहे ते कळत जातं.

सिनेमात आरोपीचे वकील आहेत विनय व्होरा, आणि सरकारी वकील एक बाई आहेत. ती भूमिका गीतांजली कुलकर्णी यांनी केली. सरकारी वकील म्हणजे काय, यात आपल्या बायकांचा फार घोळ होतो. फौजदारी खटला हा सरकार विरुद्ध आरोपी असा असतो. तक्रार तुम्ही केली असली तरी तुमच्या वतीनं सरकारी वकील उभे राहतात, त्यांना फी द्यायची नसते. पण ते तुमचे खासगी वकीलही नसतात. त्यांच्या टेबलावर त्या दिवशी इतर अनेक केसेसचे कागद असतात. सिनेमातल्या त्या बाई कोर्ट सुटल्यावर लोकल पकडतात, पोराला घेऊन घरी जातात, स्वयंपाक करतात, नवऱ्याला वाढतात. तीच बाई दुसऱ्या दिवशी कोर्टात एका म्हाताऱ्या माणसाला तुरुंगात ठेवा म्हणून कायदा वाचून दाखवते. ती दुष्ट नाही, तिचं ते कामच आहे. मला हा भाग फार आवडला, कारण सिरियलवाले सरकारी वकिलाला एकतर देव करतात नाहीतर राक्षस.

आता साक्षींकडे येऊ. सिनेमात शंकर भोईर नावाचा एक साक्षीदार येतो. तो म्हणतो, मी त्या वस्तीत होतो, मी ते गाणं ऐकलं. उलटतपासात व्होरा वकील हळूहळू उघड करतात की हा माणूस आधीही पोलिसांच्या इतर केसेसमध्ये साक्षीदार म्हणून उभा राहिलेला आहे. म्हणजे पोलिसांचा ठरलेला साक्षीदार. असा माणूस खरंच त्या जागी होता की बोलावून आणला, हा प्रश्न न्यायाधीशांच्या मनात उभा करायचा असतो. वकील ओरडत नाहीत, बोट रोखत नाहीत. एकामागून एक साधे प्रश्न विचारतात, आणि साक्षीदाराच्याच तोंडून ते बाहेर येतं.

साक्षीदार आणि पंच यांतला फरकही इथे सांगून टाकते. साक्षीदार म्हणजे ज्यानं घटना पाहिली, ऐकली किंवा त्याबद्दल काही माहीत आहे तो. पंच म्हणजे पोलीस एखाद्या जागेची, प्रेताची किंवा जप्त केलेल्या वस्तूची पाहणी करताना समोर उभा असलेला त्रयस्थ माणूस. समोर जे दिसलं ते लिहिलं जातं, त्याला पंचनामा म्हणतात, आणि पंच त्यावर सही करतो. गावात पोलीस आले की “ताई, इथं सही करा, काही नाही, फक्त पंच म्हणून” असं म्हणतात. सही करण्यात चूक काही नाही. पण जे तुमच्या समोर घडलं तेच लिहिलंय ना, हे वाचून किंवा कुणाकडून वाचून घेऊन मगच सही करायची. कोऱ्या कागदावर नाही. कारण पुढे दोन-तीन वर्षांनी तुम्हालाच कोर्टात विचारतील की ही कुऱ्हाड कुठून काढली, तुम्ही पाहिलं का. नव्या कायद्यानं झडती आणि जप्तीचं मोबाईलवर चित्रीकरण करणंही सक्तीचं केलं आहे, म्हणजे तुम्ही तिथं होता की नव्हता हे पुढे त्यातही दिसणार.

सिनेमातली सगळ्यात मोठी साक्ष म्हणजे मेलेल्या कामगाराच्या बायकोची. मी तो प्रसंग तीनदा पाहिला. ती बाई साध्या साडीत, आवाज न चढवता उत्तरं देते. तिला नवऱ्याच्या कामाबद्दल विचारतात. ती सांगते की त्याला कामावर मास्क, हातमोजे वगैरे काही मिळत नव्हतं. तो दारू पीत होता, कारण गटारातला वास सहन होत नव्हता. त्याचा एक डोळा गेला होता, तोही त्याच घाण वायूनं. आणि गटारात उतरण्याआधी तो झुरळं बघायचा. आत झुरळं फिरताना दिसली तर हवा आहे असं समजून उतरायचा.

आता दोन पायऱ्यांवर ही साक्ष लावून बघा. सरकारी बाजूचं म्हणणं काय होतं? तो काहीही सुरक्षेचं साधन न घेता आत उतरला, म्हणजे त्याला मरायचंच होतं. बायको सांगते की तो रोजच साधनाशिवाय उतरत होता, साधन कधी मिळालंच नाही. म्हणजे त्या दिवशी त्यानं वेगळं काही केलं नाही. शिवाय जो माणूस आधी झुरळं बघून हवेचा अंदाज घेतो, तो मरायला निघालेला माणूस नसतो. गटारातल्या विषारी वायूनं मृत्यू होणं हे अशा कामात होणारं मरण आहे. मग आत्महत्येची पहिलीच पायरी ढासळते. वकिलानं मोठं भाषण न करता, एका झुरळानं केस हलवली. खऱ्या कोर्टात केस अशाच बारीक गोष्टींनी हलते.

या साक्षीत आणखी एक पाहण्यासारखं आहे. तिला वयाबद्दल किंवा तारखेबद्दल विचारलं आणि आठवत नसेल तर ती सरळ “माहीत नाही” म्हणते. बायका कोर्टात घाबरून अंदाजानं तारीख सांगतात, आणि मग उलटतपासात तीच चुकीची तारीख धरून त्यांना खोटं ठरवलं जातं. माहीत नसलेली गोष्ट माहीत नाही म्हणणं हेही खरं उत्तरच आहे, आणि न्यायाधीश ते तसंच लिहून घेतात.

साक्ष घेण्याचा क्रम थोडक्यात असा. ज्यानं साक्षीदार बोलावला तो वकील आधी प्रश्न विचारतो, त्याला सरतपास म्हणतात. मग समोरचा वकील विचारतो, तो उलटतपास. उलटतपासात काही नवीन गुंता निघाला तर पहिला वकील पुन्हा थोडं विचारू शकतो, तो फेरतपास. सरतपासात उत्तर तोंडात घालणारा प्रश्न विचारता येत नाही. “त्या दिवशी काय झालं?” असं विचारायचं, “त्या दिवशी त्यानं तुम्हाला काठीनं मारलं ना?” असं नाही. उलटतपासात मात्र असे प्रश्न चालतात. म्हणून उलटतपास ऐकताना जीव घाबरतो. वकील म्हणेल, “तुमचं आणि आरोपीचं शेताच्या बांधावरून आधीच भांडण होतं, म्हणून तुम्ही खोटं सांगताय.” हे आपल्यावर चिखलफेक म्हणून घेऊ नका. कायद्यात त्यांना त्यांच्या बाजूची गोष्ट साक्षीदाराच्या तोंडावर मांडावीच लागते, नाहीतर नंतर ती मांडता येत नाही. तुम्ही “नाही” म्हणायचं. मग कागदावर काय येतं माहीत आहे? “हे म्हणणे खरे नाही की माझे आरोपीशी भांडण होते. हे म्हणणे खरे नाही की मी खोटी साक्ष देत आहे.” आमच्या मावशींनी हे ऐकल्यावर पहिल्यांदा त्या हसल्या. म्हणाल्या, “म्हणजे शेवटाला सगळ्यांनाच ते विचारता?” हो, जवळपास सगळ्यांनाच विचारतात.

हे कागदावर कोण लिहितं? सिनेमात बघा, साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ऐकतात, आणि मग स्वतःच्या शब्दांत टायपिस्टला सांगतात. सिरियलमध्ये हे कधीच दाखवत नाहीत, कारण त्यानं गती मरते. पण खटल्याचं सार यातच आहे. वरच्या कोर्टात अपील गेलं तर तिथल्या न्यायाधीशांना तुमचा चेहरा, तुमचं रडणं दिसत नाही, फक्त हा टाइप केलेला कागद दिसतो. त्यामुळे तुमची साक्ष तुम्हाला वाचून दाखवायची असते आणि मगच त्यावर सही. तेव्हा काही चुकीचं वाटलं तर तिथंच सांगायचं, “साहेब, मी असं म्हटलं नव्हतं, मी असं म्हटलं होतं.” हा तुमचा हक्क आहे, उद्धटपणा नाही. भाषेचीही अडचण असते. सिनेमात मराठी, हिंदी, इंग्रजी आणि गुजराती अशा चार भाषा कानावर पडतात आणि ज्याच्यावर खटला चालू आहे तो शाहीर बराच वेळ नुसता बघत उभा असतो. तुम्हाला इंग्रजी कळलं नाही तर मराठीत सांगा असं म्हणता येतं.

आणखी एक गोष्ट सिनेमात फारशी येत नाही, पण आपल्या कामाची आहे. साक्षीदाराचा पोलीस जबाब आणि कोर्टातली साक्ष या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, तसा कायदाच आहे. फिर्याद देणाऱ्याची सही मात्र फिर्यादीवर असते. कोर्टात उलटतपास घेणारा वकील तो जबाब हातात धरून विचारतो, “हे आज सांगताय, मग पोलिसांना का नाही सांगितलं?” त्यामुळे जबाब देताना जे खरोखर माहीत आहे ते सगळं तेव्हाच सांगायचं, आणि पोलीस काय लिहितायत ते वाचून दाखवायला लावायचं.

सिनेमात पुढे शाहिरांना जामीन मिळतो. एक लाख रुपयांचा. त्यांच्याकडे एवढे पैसे नसतात, तेव्हा वकील स्वतः ती व्यवस्था करतात. इथं आपल्या गावांत दोन गैरसमज पक्के आहेत. एक म्हणजे जामीन मिळाला म्हणजे माणूस सुटला, निर्दोष झाला. तसं नाही. खटला चालूच राहतो, फक्त तो बाहेर राहून तारखांना येतो. दुसरा गैरसमज म्हणजे जामिनाची रक्कम हा दंड. तोही नाही. आरोपी तारखेला हजर राहील याची ती हमी असते. पैसे रोख भरले असतील तर खटला संपल्यावर परत मिळतात. बहुतेक वेळा मात्र रोख न भरता जामीनदार उभा करतात, जो लिहून देतो की हा माणूस हजर राहिला नाही तर एवढी रक्कम मी भरीन. त्यासाठी सातबारा किंवा घराचा उतारा, रेशनकार्ड असे कागद लावतात.

हे मी मुद्दाम सांगतेय. आता पुष्कळ सातबाऱ्यांवर बायकांची नावं चढली आहेत. भाच्यासाठी, दिराच्या पोरासाठी “वहिनी, फक्त तुमचा उतारा लागतो” असं म्हणून सही घेतात. तो पोरगा तारखेला आला नाही, पळून गेला, तर आधी नोटीस जामीनदाराला येते आणि रक्कम का वसूल करू नये हे विचारलं जातं. उत्तर पटलं नाही तर पैसे तुमच्याकडून घेतात. आमच्या भागातल्या एका गटातल्या बाईला अशी नोटीस आली, तेव्हा घरात कुणालाच आठवत नव्हतं की तिची सही कधी घेतली होती. जामीनदार व्हायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं आहे, नवऱ्यानं किंवा दिरानं नाही. आणि झालात तर प्रत्येक तारखेला तो हजर राहिला का, हे स्वतः विचारत राहायचं.

‘कोर्ट’मध्ये जामीन मिळाल्यावर गोष्ट संपत नाही. शाहिरांना पुन्हा अटक होते, या वेळी यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली. नेहमीच्या गुन्ह्यात पोलिसांनी ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र दिलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. या कायद्यात ती मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते, आणि आरोप वरवर पाहता खरा दिसतो असं कोर्टाला वाटलं तर जामीन देताच येत नाही. सिनेमात न्यायाधीश जामीन नाकारतात, वर कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. वकील विनवतात, पण सुट्टी ती सुट्टी. हायकोर्टात जा, म्हणतात. शाहीर आतच राहतात. निकाल काय लागला हे सिनेमा सांगतच नाही. थिएटरात लोकांना ते अर्धवट वाटलं असेल. मला मात्र वाटतं की इथेच तो सगळ्यात प्रामाणिक आहे.

तारखांचा विषय निघाला म्हणून सांगते. ‘दामिनी’ हा १९९३ चा सिनेमा तारखांवरच्या त्या एका भाषणामुळे सगळ्यांच्या तोंडी आहे. पण तारीख का पडते हे तो सांगत नाही. साक्षीदाराला समन्स पोहोचलं नाही, आरोपीला तुरुंगातून आणलं नाही, डॉक्टर साक्षीला आले नाहीत, न्यायाधीश रजेवर आहेत, वकिलांनी काम बंद ठेवलं आहे, असं काहीतरी असतं. आपल्या जळगावचं घरकुल प्रकरण घ्या. गुन्हा २००६ मध्ये नोंदवला गेला आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयानं निकाल दिला ऑगस्ट २०१९ मध्ये. तेरा वर्षं. सिनेमा दोन तासांचा असतो, म्हणून लोकांना वाटतं खटलाही तसाच चालावा. साक्षीला बोलावल्यावर तुमची साक्ष त्या दिवशी झाली नाही तरी हजेरी नोंदवून घ्या, आणि येण्याजाण्याचा भत्ता मागा. साक्षीदाराला खर्च द्यायची तरतूद कायद्यात आहे. समन्स आलं आणि गेलात नाही तर मात्र पुढे वॉरंट निघू शकतं. पुढची तारीख कोणती हे बघायला आता वकिलाच्या मागे फिरावं लागत नाही. केसचा सीएनआर नंबर असतो, सोळा अक्षर-अंकांचा, तो मोबाईलवर services.ecourts.gov.in इथे टाकला की दिसतं.

बाकीचे सिनेमे बघायचे तर बघा, पण काय खरं मानायचं ते ठरवून. अक्षय कुमारचा ‘रुस्तम’ १९५९ च्या नानावटी खटल्यावर बेतलेला आहे. त्यात ज्युरी, म्हणजे सामान्य नागरिकांचे पंच, निर्णय देताना दिसतात. खऱ्या खटल्यातही नऊ जणांच्या ज्युरीनं आठ विरुद्ध एक असं नानावटींना निर्दोष म्हटलं होतं. पण सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, आणि हायकोर्टानं जन्मठेप दिली. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ती कायम ठेवली. सिनेमात हे शेवटचं येत नाही. आणि आज आपल्याकडे ज्युरी नाहीच, निर्णय न्यायाधीशच देतात. तमिळमधला ‘जय भीम’ (२०२१) हिंदीतही आहे, तो फार चांगला आहे. पण तो नेहमीच्या फौजदारी खटल्याचा नाही. पोलिसांनी पकडून नेलेल्या माणसाला कोर्टासमोर हजर करा, अशा हायकोर्टातल्या अर्जाचा आहे. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक तर खटल्याचं आहेच असं म्हणता येत नाही. त्यात लोक खोटं खोटं कोर्ट खेळतात आणि त्या निमित्तानं एका बाईला घेरतात. समाज कळायला ते वाचावं, कोर्टाची पद्धत कळायला नाही.

‘कोर्ट’मध्ये काय राहून गेलं तेही सांगायला हवं. पकडलेल्या माणसाला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेतात, गंभीर केस तिथून सत्र न्यायालयात पाठवतात, मग न्यायाधीश आरोप वाचून “गुन्हा कबूल आहे का” विचारतात. हे टप्पे सिनेमात जवळपास नाहीत. सरकारी साक्षी संपल्यावर न्यायाधीश स्वतः आरोपीला एकेक पुरावा सांगून “याबद्दल तुमचं काय म्हणणं” असं विचारतात, तोही भाग येत नाही, कारण गोष्ट तिथवर पोहोचतच नाही. आणि एक प्रसंग आहे, बाही नसलेले कपडे घातले म्हणून न्यायाधीश एका बाईची केस त्या दिवशी ऐकायला नकार देतात. असं वागणारे न्यायाधीश असतीलही, पण पक्षकार बाईनं कोणते कपडे घालावेत असा काही कायदा नाही. पोशाखाचे नियम असतात ते वकिलांना, काळा कोट आणि पांढरा बँड.

सिरियलमधल्या त्या हातोड्याचं राहिलं. आपल्या कोर्टात न्यायाधीशांच्या टेबलावर हातोडा नसतो. गीतेवर हात ठेवून शपथ घेत नाहीत, ईश्वराला साक्ष ठेवून किंवा नुसती प्रतिज्ञा करून खरं सांगीन असं म्हणतात. नाव पुकारतो पट्टेवाला, पिंजऱ्यात उभं राहायचं, आणि पाय दुखत असतील तर खुर्ची मागता येते. वकील नसेल आणि लागणार असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिची कमाई कितीही असली तरी मोफत वकील मिळतो, आणि १५१०० या नंबरवर विचारताही येतं.

समन्स आलेल्या त्या मावशींबरोबर आम्ही दोघीजणी त्यांच्या तारखेच्या आधी एकदा भुसावळच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसलो. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, परवानगी लागत नाही, फोन मात्र बंद ठेवायचा. बलात्काराची किंवा लहान मुलांवरच्या अत्याचाराची केस पुकारली तर सगळ्यांना बाहेर जायला सांगतात, तेव्हा उठून जायचं. त्या दिवशी आम्ही एक तलाठी साक्ष देताना पाहिला, सातबाऱ्यावरची नोंद कुणी केली यावर तासभर प्रश्न चालले. मावशी सगळं ऐकत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “याच्यात तर कुणी ओरडलंच नाही.”